पाच एचपीची नवी मोटर, शाफ्ट बारा मिलिमीटर खाली: फूट, फ्लँज आणि फ्रेम नंबर

मोटर जळली की आपल्याकडे दुकानात पहिला प्रश्न येतो, किती एचपी? दुसरा, किती आरपीएम? या दोन उत्तरांवर मोटर मिळते, टेम्पोत चढते आणि कारखान्यात पोचते. नेमप्लेटवर ‘फ्रेम’ या शब्दापुढे जो आकडा असतो तो कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. मोटर चालेल का हे एचपी आणि आरपीएम ठरवतात. ती जागेवर बसेल का हे मात्र तो तिसरा आकडा ठरवतो.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पल्प कारखान्यातलं काम सांगतो, म्हणजे सगळं एकाच मोटरीवर समजावता येईल. तिथे युरोपातून आलेल्या लाइनवर दोन पंप आहेत. पहिला पंप लोखंडी बेस फ्रेमवर आहे. शेजारी पायांवर उभी मोटर आणि मध्ये कपलिंग. दुसरा स्टेनलेसचा पंप आहे, त्याची मोटर पंपाच्या तोंडाला फ्लँजने जोडलेली आहे आणि तिला पाय नाहीत. दोन्ही मोटरी चार किलोवॅट, दोन पोल, साधारण २९०० आरपीएम, फ्रेम ११२एम. ऐन मे महिन्यात पायांवरची मोटर जळली. बाजारात चार किलोवॅटची दोन पोल मोटर तयार नव्हती. आपल्याकडे त्या जागी पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट चालते, म्हणून तीच आणली. कपलिंग नव्या शाफ्टवर हलक्या ठोक्यावर बरोबर बसलं, की-वेसुद्धा जुळला. मोटर बेडवर ठेवली तर शाफ्ट पंपाच्या शाफ्टपेक्षा बारा मिलिमीटर खाली, आणि पायांची भोकंही जुळेनात.

फिटर म्हणाला, “दादा, शाफ्ट तर तोच आहे, मग मोटर वेगळी कशी?” प्रश्न अगदी योग्य होता.

आकडा म्हणजे उंची

पायांवर उभ्या राहणाऱ्या मोटरीला आपण फूट मोटर म्हणतो, कागदावर तिला बी-३ लिहितात. तिच्या फ्रेम नंबरातला आकडा म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. ११२ फ्रेम म्हणजे ११२ मिमी, १०० फ्रेम म्हणजे १०० मिमी. हे आकडे कंपनी स्वतःच्या मनाने ठरवत नाही. ६३, ७१, ८०, ९०, १००, ११२, १३२, १६०, १८० अशी ठरलेली मालिका आहे आणि ती आंतरराष्ट्रीय आहे. आपल्याकडे फूट मोटरींची मापं आयएस १२३१ या मानकात आहेत आणि फ्लँज मोटरींची आयएस २२२३ मध्ये. म्हणून कोणत्याही दोन कंपन्यांच्या ११२एम मोटरी एकमेकींच्या जागी बसतात.

आकड्यामागचं अक्षर लांबी सांगतं. एस म्हणजे आखूड, एम म्हणजे मध्यम, एल म्हणजे लांब. पण ही लांबी अख्ख्या मोटरीची नव्हे. पुढच्या पायाच्या भोकापासून मागच्या पायाच्या भोकापर्यंतचं अंतर म्हणजे ही लांबी. ९०एस आणि ९०एल या दोघींची उंची तीच, शाफ्ट तोच, पायांमधली आडवी रुंदीही तीच. फरक फक्त एवढाच की एसमध्ये भोकांचं लांबीतलं अंतर १०० मिमी आणि एलमध्ये १२५ मिमी. काही कंपन्या एकाच पायाला दोन्ही भोकं पाडून देतात, मग तोही प्रश्न उरत नाही.

म्हणजे फ्रेम नंबर सांगितला की चार मापं पक्की होतात: शाफ्टची उंची, भोकांचं आडवं अंतर, भोकांचं लांबीतलं अंतर, आणि शाफ्टचा खांदा जिथे सुरू होतो तिथून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर. या चौथ्या मापाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पण कपलिंगचे दोन भाग समोरासमोर योग्य अंतरावर येणार की नाही हे त्याच्यावरच ठरतं.

आमच्या दोन मोटरींची मापं अशी. ११२एमची उंची ११२, भोकांचं आडवं अंतर १९०, लांबीतलं १४०, खांद्यापासून पुढचं भोक ७०. १००एलची उंची १००, आडवं १६०, लांबीतलं १४०, खांद्यापासून ६३. लांबीतलं माप एकच आहे, बाकी तिन्ही वेगळी. म्हणून एका बाजूची दोन भोकं जुळल्यासारखी दिसतात आणि दुसरी बाजू साफ चुकते.

आता फिटरच्या प्रश्नाकडे येतो. या दोन्ही फ्रेमना शाफ्ट एकच आहे, २८ मिमी जाडीचा आणि ६० मिमी लांबीचा. की ८ मिमी रुंदीची. मानकातच तसं आहे. म्हणून कपलिंग बिनतक्रार बसलं. पण शाफ्ट जुळला म्हणजे फ्रेम जुळली असं या एका जोडीपुरतं तरी मुळीच समजू नये, कारण इथे शाफ्ट सारखा असूनही मोटर वेगळी असते. पुढच्या पायरीवर, १३२ फ्रेमला, शाफ्ट एकदम ३८ मिमी होतो, तिथे अशी गफलत होत नाही.

तेवढ्याच एचपीच्या मोटरी वेगळ्या फ्रेममध्ये का?

मोटरीचं अंग ठरतं ते टॉर्कवरून, म्हणजे पिळाच्या जोरावरून. तेवढीच पॉवर कमी आरपीएमवर हवी असेल तर जोर जास्त लागतो, त्यासाठी लोखंड आणि तांबं जास्त लागतं, आणि फ्रेम वाढते. पोल वाढले की आरपीएम उतरतात. तीन एचपी म्हणजे २.२ किलोवॅटची मोटर घ्या. दोन पोलमध्ये ती ९०एल फ्रेममध्ये येते, चार पोलमध्ये १००एल, सहा पोलमध्ये ११२एम आणि आठ पोलमध्ये १३२एस. चारही तीन एचपीच्या, चारही वेगळ्या उंचीच्या. म्हणून नुसतं “तीन एचपी द्या” म्हटलं तर दुकानदार बिचारा काय देणार?

आमच्या कामात आरपीएम तेच होते, तरी फ्रेम बदलली, त्याचं कारण वेगळं आहे. युरोपातल्या मालिकेत चार किलोवॅट हा नेहमीचा टप्पा आहे आणि दोन पोलमध्ये तो ११२एमवर बसतो. आपल्याकडे एचपीचा हिशेब रुळलेला असल्याने तिथे ३.७ किलोवॅट येतो आणि तो दोन पोलमध्ये १००एलवर बसतो. त्यापुढचा टप्पा साडेसात एचपी म्हणजे ५.५ किलोवॅट, आणि दोन पोलमध्ये त्याची फ्रेम १३२एस. म्हणजे दुकानात दोन पोलची जी तयार मोटर मिळते ती एक तर १०० ची नाही तर १३२ ची, मधली ११२ गायब. कंपनीकडून मागवली तर मिळते, पण आंब्याचा हंगाम थांबत नाही. बाहेरून आलेल्या लाइन ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ही अडचण आधीच ओळखून एक ११२एम शिल्लक ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

चार किलोवॅटच्या जागी ३.७ चालेल का, हे आधी तपासावं लागतं. शेजारच्या तशाच पंपाचा करंट क्लॅम्प मीटरने घेतला, पल्प चालू असताना. तो सहा अँपिअरच्या आतच राहत होता आणि नव्या मोटरीच्या नेमप्लेटवर पूर्ण भाराचा करंट सात अँपिअरच्या आसपास होता. म्हणजे पंप मुळात चार किलोवॅट ओढतच नव्हता. ओढत असता तर ही मोटर परत पाठवणं हाच मार्ग होता, कारण फ्रेम कितीही जुळवली तरी ती पुन्हा जळली असती. ओव्हरलोड रिलेसुद्धा नव्या नेमप्लेटच्या करंटवर लावून घ्यायचा, जुन्यावर ठेवायचा नाही.

बारा मिलिमीटर भरून काढताना

लहान फ्रेमची मोटर मोठ्या फ्रेमच्या बेडवर बसवता येते, कारण खाली भर घालता येते. उलटं करायचं तर बेड कापावा लागतो किंवा पंप उचलावा लागतो. पंप उचलला की त्याच्या पाइपवर ताण येतो आणि सील गळायला लागतं. म्हणून १३२एस घेण्याचा विचारच केला नाही. ती वीस मिमी उंच पडली असती आणि कपलिंगचं भोकही मोठं करावं लागलं असतं.

भर घालायला चार पायांखाली चार वेगळे तुकडे, पट्टीवर पट्टी, अशी जुळणी मी करत नाही. २९०० आरपीएमवर ते सरकतात. एकच प्लेट घ्यावी. आम्ही १६ मिमीची प्लेट घेऊन वर्कशॉपमध्ये दोन्ही बाजूंनी मशीन करून घेतली, आकार साधारण २३० बाय १९०. जाडी मात्र १२ ठेवली नाही, ११.५ ठेवली.

यामागचं कारण समजलं की फ्रेम नंबरातली खरी हुशारी कळते. मानकात उंचीला जी सूट आहे ती फक्त खालच्या बाजूला आहे. १०० फ्रेमची मोटर ९९.५ ते १०० च्या मध्ये कुठेही असू शकते, पण १०० च्या वर कधीच नाही. २५० फ्रेमपर्यंत ही अर्धा मिमीची सूट आहे. याचा अर्थ असा की बेड बरोबर केलेला असेल तर मोटर जागेवर आल्यावर थोडी खालीच असणार, आणि पातळ शिम घालून ती वर आणता येणार. वर असलेली मोटर खाली आणायला पाय घासावे लागले असते, ते नको म्हणून ही सोय. मी प्लेट पूर्ण १२ केली असती आणि मोटर नेमकी १०० ची निघाली असती, आणि पंपाचा शाफ्ट केसभर खाली असता, तर शिमला जागाच उरली नसती. अर्धा मिमी मोकळा ठेवला म्हणजे काम शिमवर निभावतं.

आता भोकं. प्लेटवर दोन संच लागतात. एक संच बेडसाठी, १९० बाय १४०. दुसरा मोटरीसाठी, १६० बाय १४०. दोन्ही संच मध्यरेषेवर एकात एक बसवायचे, पण मोटरीचा संच सात मिमी पंपाच्या बाजूला सरकवायचा. ११२एममध्ये खांद्यापासून पहिलं भोक ७० वर होतं, १००एलमध्ये ते ६३ वर आहे. सात मिमी सरकवलं नाही तर शाफ्टचं टोक तेवढंच मागे राहतं आणि कपलिंगमध्ये फट पडते. सरकवल्यावर शाफ्टची लांबी दोन्हीकडे ६० असल्याने टोक नेमकं जुन्या जागी येतं.

याप्रमाणे बेडच्या प्रत्येक भोकापासून मोटरीचं भोक आडवं १५ आणि लांबीत ७ मिमीवर येतं, म्हणजे तिरकं अंतर साधारण साडेसोळा. दोन्ही बोल्ट एम-१०. एवढ्या जवळ साधा षटकोनी बोल्ट बसत नाही, शिवाय बेडचा बोल्ट मोटरीच्या पायाखालीच येतो. म्हणून बेडला काउंटरसंक ॲलन बोल्ट घातले, डोकं प्लेटच्या पृष्ठभागाच्या थोडं आतच. मोटरीसाठी प्लेटलाच एम-१० चे आटे पाडले. साडेअकरा मिमी जाडीत एम-१० ला पुरेशी पकड मिळते. काउंटरसंक बोल्ट प्लेटला एका जागी ओढून घेतो, तिथे इकडे-तिकडे सरकवायला वाव राहत नाही. सरकवायची मुभा मोटरीच्या पायांच्या भोकांत असते, ती १२ मिमीची असतात आणि बोल्ट १० चा. म्हणजे प्रत्येक बाजूला एक मिमी. तेवढ्यात अलाइनमेंट बसली पाहिजे, म्हणून प्लेटवरच्या खुणा फुटपट्टीने न करता हाइट गेजने किंवा मिलिंगवर कराव्यात.

मोटर चढल्यावर आधी पाहायचा तो मऊ पाय, म्हणजे चारपैकी एखादा पाय टेकलेलाच नसणं. सगळे बोल्ट आवळायचे, पायाच्या डोक्यावर डायल गेज लावायचा आणि एकेक बोल्ट सोडायचा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर त्या पायाखाली तेवढा शिम घालायचा. हे न करता आवळलेली मोटर वाकडी होते, अंगात पीळ पडतो, बेअरिंग कुरकुरतं, आणि अलाइनमेंट एका बोल्टावर बरोबर दाखवते तर दुसऱ्यावर चूक. त्यानंतर कपलिंगवर डायल लावून दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवायचे. पूर्ण फेऱ्यात काट्याचा एकूण फरक प्रत्यक्ष फरकाच्या दुप्पट दिसतो. दोन पोलच्या मोटरीला मी शाफ्टमधला खरा फरक ०.०५ च्या आत आणतो, म्हणजे डायलवर ०.१० च्या आत.

आपल्या किनाऱ्यावर शिमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. साधा पत्रा कापून घातलेला शिम इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात फुगतो. गंजाचा थर मूळ पत्र्यापेक्षा जाड असतो, त्यामुळे मोटर आपोआप वर चढते आणि तीही सगळीकडे सारखी नाही. गणपतीनंतर अचानक कंपन सुरू झालेल्या कितीतरी मोटरींच्या पायाखाली मला हेच दिसलं आहे. स्टेनलेसचे शिम घ्यावेत, पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त थर करू नयेत, आणि जाड शिम खाली-वर, पातळ मध्ये ठेवावेत.

आणि फ्लँज मोटर?

त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या पंपाची मोटर जळली असती तर काय झालं असतं? फ्लँजवाली १००एल आणून चार बोल्ट आवळले की काम संपलं असतं. प्लेट नको, शिम नको, डायलही फक्त खात्रीपुरता.

फ्लँज मोटरीत, म्हणजे बी-५ मध्ये, पाय नसतात, त्यामुळे जमिनीपासूनच्या उंचीला अर्थ उरत नाही. तिथे फ्रेम नंबर फ्लँजची मापं सांगतो. फ्लँजच्या मध्यावर एक गोल, अचूक मशीन केलेला उंचवटा असतो, त्याला स्पिगॉट म्हणतात. पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या तोंडात तेवढ्याच मापाचा खळगा असतो. स्पिगॉट त्या खळग्यात शिरला की शाफ्ट आपोआप मध्यावर येतो. बोल्ट फक्त धरून ठेवतात, मध्य साधण्याचं काम त्यांचं नव्हे.

१०० आणि ११२ या दोन्ही फ्रेमना फ्लँज एकच आहे, त्याचं नाव एफएफ-२१५. २१५ हा बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, आपण पीसीडी म्हणतो तो. स्पिगॉट १८० मिमीचा, बाहेरचा व्यास २५०, चार भोकं. शाफ्टचा खांदा फ्लँजच्या तोंडाशी सपाट येतो, म्हणून शाफ्ट बाहेर बरोबर ६० मिमी. दोन्ही फ्रेममध्ये हे सगळं तंतोतंत सारखं. म्हणूनच समोर नेमप्लेट झिजलेली फ्लँज मोटर आली, फ्लँज २५० आणि शाफ्ट २८, तर ती १०० आहे की ११२ हे बाहेरून सांगता येत नाही, आणि बसवण्यापुरतं ते कळण्याची गरजही नसते. फूट मोटर मात्र लगेच ओळखता येते. सपाट लादीवर ठेवा, लादीपासून शाफ्टच्या माथ्यापर्यंत मोजा आणि शाफ्टची अर्धी जाडी वजा करा. माथा १२६ च्या आसपास आला तर ११२, ११४ च्या आसपास आला तर १००. बंदरावरच्या बर्फ कारखान्यांत नेमप्लेटची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने पार पुसलेली असतात, तिथे हे मोजमाप फार उपयोगी पडतं.

अशा जोड्या आणखी आहेत, पण त्या इतक्या सरळ नाहीत. ८० आणि ९० या दोन्ही फ्रेमना फ्लँज एफएफ-१६५ आहे. पण शाफ्ट ८० ला १९ मिमी आणि ९० ला २४ मिमी. फ्लँज टाळी दिल्यासारखा बसतो आणि शाफ्ट गिअरबॉक्सच्या भोकात जात नाही, किंवा ढिला पडतो. १६० आणि १८० चंही तसंच, फ्लँज एफएफ-३००, शाफ्ट ४२ आणि ४८. म्हणून फ्लँज मोटरीत फ्लँज आणि शाफ्ट ही दोन्ही मापं वेगवेगळी तपासायची. १००-११२ ची जोडी दोन्हीकडून जुळते ही त्या फ्रेमची सोय आहे, बाकी ठिकाणी ती गृहीत धरू नये.

फ्लँजचा एक लहान प्रकारही असतो, बी-१४. त्यात फ्लँज अंगाबरोबर आटोपलेला असतो आणि भोकं आरपार नसतात, त्यांना आटे असतात, बोल्ट यंत्राच्या बाजूने येतो. १००-११२ ला तो बहुतेक वेळा १३० च्या पीसीडीचा असतो. नुसतं “फ्लँज मोटर” सांगितलं तर दुकानदार बी-५ देतो. लहान गिअरबॉक्सना आणि पंपांना बऱ्याचदा बी-१४ लागते. आणि पाय व फ्लँज दोन्ही असलेली मोटर हवी असेल तर ती बी-३५.

फ्लँज मोटरीत काय बिघडतं ते फूट मोटरीपेक्षा वेगळं. अलाइनमेंट मशीन केलेल्या तोंडावर अवलंबून असते, म्हणून त्या तोंडाची काळजी हीच सगळी काळजी. आपल्याकडे स्पिगॉट खळग्यात गंजून चिकटतो. मग मोटर काढताना फिटर फटीत छिन्नी घालतो, तोंडावर खाच पडते आणि खाचेची कड वर उचलली जाते. पुढची मोटर त्या कडेवर टेकते आणि तिरकी बसते. ओळखायचं कसं? चार बोल्ट हाताने घट्ट केल्यावर फ्लँजभोवती फीलर गेज फिरवा. एका बाजूला पान शिरलं आणि दुसरीकडे नाही, तर तोंडावर काहीतरी आहे. तसंच बोल्ट आवळून तोंड जवळ आणलं की वरून सगळं ठीक दिसतं, पण शाफ्ट वाकड्या कोनात राहतो आणि पंपाचं सील किंवा गिअरबॉक्सचं पहिलं बेअरिंग काही महिन्यांत जातं. बसवताना तोंड बारीक दगडाने साफ करून स्पिगॉटला पातळ ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी मोटर हाताने सुटते. न सुटल्यास छिन्नीऐवजी फ्लँजला उपसायचे बोल्ट लावायची सोय असते का ते आधी पाहावं.

शाफ्ट खाली करून उभी लावलेली फ्लँज मोटर, म्हणजे व्ही-१, टाकीवरच्या ढवळणीला सर्रास असते. ती उघड्यावर असेल तर पंख्याच्या जाळीवर छत्री हवीच. आपल्या पावसात जाळीतून पडलेलं पाणी सरळ वरच्या बेअरिंगवर जातं. ऑर्डर देतानाच छत्रीसह मागितली तर कंपनी देते.

मग कुठे कोणती घ्यावी? पट्टा असेल तर फूटच, कारण पट्टा ताणायला मोटर रेलवर मागेपुढे सरकवावी लागते आणि फ्लँजला ते शक्य नाही. भाताच्या गिरणीत, बर्फ फोडायच्या मशीनवर, काजूच्या कारखान्यातल्या पट्ट्याच्या ब्लोअरवर म्हणूनच सगळीकडे फूट मोटर दिसते. पट्ट्यावर उंचीचा बारा मिमी फरक सहसा अडतही नाही, पुली समोरासमोर सरळ रेषेत आली की झालं. गिअरबॉक्स किंवा पंपाला थेट जोडायची असेल आणि समोर फ्लँज असेल तर फ्लँज मोटर. पण मोठी मोटर आडवी, नुसत्या फ्लँजवर लटकवू नये. १६० फ्रेमपासून पुढे वजन इतकं होतं की सगळा भार गिअरबॉक्सच्या तोंडावर येतो आणि कंपनाने बोल्ट ढिले पडतात. तिथे बी-३५ घेऊन मागून पायांना आधार द्यावा. तो आधारही शिम घालून नुसता टेकवायचा, पाय ओढून आवळले तर फ्लँज आणि पाय एकमेकांशी भांडतात.

फ्रेम नंबर जे सांगत नाही

मोटरीची एकूण लांबी मानक ठरवत नाही. त्याच फ्रेमची नवी, जास्त कार्यक्षम मोटर जुनीपेक्षा लांब असू शकते. मागे भिंत असेल तर पंख्याच्या जाळीला हवा मिळणार नाही. टर्मिनल बॉक्स कोणत्या बाजूला हेही मानक बांधून देत नाही, आणि बॉक्स चुकीच्या बाजूला आला तर केबल पुरत नाही. मोनोब्लॉक पंपांच्या मोटरींचा शाफ्ट खास लांब, आट्यांचा असतो. त्यांच्यावर फ्रेम नंबर लिहिलेला असला तरी साध्या मोटरीने त्या बदलता येत नाहीत.

आणि अमेरिकेतून आलेल्या जुन्या यंत्रांचे फ्रेम नंबर वेगळ्याच पद्धतीचे असतात. तिथे १८२टी म्हणजे १८२ मिमी नव्हे. पहिल्या दोन आकड्यांना चारने भागायचं, येते ती उंची इंचांत. अठरा भागिले चार म्हणजे साडेचार इंच, ११४.३ मिमी. शाफ्ट सव्वाएक इंचाला अष्टमांश कमी, म्हणजे २८.५८ मिमी. आपल्या ११२ फ्रेमच्या ११२ आणि २८ ला हे इतकं जवळ आहे की टेपने मोजणाऱ्याला तीच मोटर वाटते. पण २८.५८ चं कपलिंग २८ च्या शाफ्टवर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त ढिलं राहतं आणि की खाऊन टाकतं. शाफ्ट व्हर्नियरने मोजावा, टेपने नाही.

पल्प कारखान्यासाठी पुढच्या हंगामाची जी मोटर मागवली तिच्या चिठ्ठीवर मी असं लिहून दिलं: चार किलोवॅट, दोन पोल, फ्रेम ११२एम, बी-३, शाफ्ट २८ बाय ६०, शाफ्टकडून पाहताना टर्मिनल बॉक्स उजवीकडे, मागे मोकळी जागा २०० मिमी. फ्लँजवाल्या पंपासाठी त्याच चिठ्ठीत दुसरी ओळ होती. त्यात फ्रेमपुढे ‘१०० किंवा ११२, दोन्ही चालतील’ असं लिहिलं आणि बी-५, एफएफ-२१५ हे दोन शब्द अधोरेखित केले.